मंगळवारी निघून सोमवारी पोचताना

आपिया ही सामोआ या देशाची राजधानी. तिथून पूर्वेला अमेरिकन सामोआतल्या पागो पागोकडे जाणारं छोटं पंख्याचं विमान समजा मंगळवारी सकाळी दहाला सुटलं. मधे समुद्राचा दीडेकशे किलोमीटरचा पट्टा आहे, चाळीसेक मिनिटांत विमान उतरतं. तिथल्या भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस झालेले असतात, आपल्या मनगटावरच्या घड्याळातही दहा चाळीसच. काटे हलवायची गरजच पडत नाही. फरक फक्त वाराचा असतो. पागो पागोत अजून सोमवार चालू असतो, आणि आपण आपियात ज्या सोमवारी रात्री झोपलो होतो तो सोमवार इथं पुन्हा संध्याकाळपर्यंत काढायचा असतो.

या दोन गावांच्या रेखांशांत जेमतेम एका अंशाचा फरक आहे. सूर्य पागो पागोला उगवतो आणि चार-पाच मिनिटांनी आपियाला. म्हणजे आकाशाच्या हिशेबात दोन्ही गावं जवळजवळ एकाच वेळेला जगतात. तरी दोघांमध्ये पूर्ण चोवीस तासांची भिंत उभी आहे, आणि ती सूर्यानं किंवा पृथ्वीनं उभी केलेली नाही. तारीखरेषा, म्हणजे जिच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या तारखा असतात ती रेषा, समजून घ्यायला जगात याहून चांगली जागा नाही असं मला वाटतं, कारण इथं घड्याळाचा गोंधळ आपोआप गळून पडतो आणि तारखेचा प्रश्न उघडा, एकटा समोर उभा राहतो.

ही भिंत आपियाच्या लोकांनी दोनदा ओलांडली आहे, तीही घरात बसून. १८९२ साली अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराच्या सोयीसाठी सामोआनं आपली तारीख अमेरिकेच्या बाजूला नेली, तेव्हा तिथं ४ जुलै हा दिवस लागोपाठ दोनदा आला. पुढं शंभराहून जास्त वर्षांत व्यापाराचं तोंड ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडकडे वळलं. मग अडचण अशी व्हायची की आपियात शुक्रवार असताना ऑकलंडमध्ये शनिवारची सुट्टी, आणि ऑकलंडमध्ये सोमवारी कामं सुरू झाली की आपियात रविवार. आठवड्यातले कामाचे दोन दिवस असे वाया जात. शेवटी २०११ साली २९ डिसेंबरचा गुरुवार मध्यरात्री संपला आणि लगेच ३१ डिसेंबरचा शनिवार सुरू झाला. ३० डिसेंबर २०११ हा शुक्रवार त्या देशात उगवलाच नाही. पागो पागो ही अमेरिकन सामोआची राजधानी. तिनं आपली जागा सोडली नाही, आणि त्या रात्रीपासून शेजारच्या दोन गावांत एका दिवसाचं अंतर पडलं.

नकाशावर ही रेषा पॅसिफिक महासागराच्या मधोमध, साधारण १८० अंश रेखांशावरून जाते आणि जागोजागी वाकते. बऱ्याच जणांना वाटतं की ती कुठल्यातरी आंतरराष्ट्रीय करारानं आखली असेल. तसा करार झालेला नाही. १८८४ साली वॉशिंग्टनला भरलेल्या परिषदेनं ग्रिनिचचं रेखावृत्त शून्य म्हणून निवडलं, पण तारखेची रेषा कुठून जावी हे ठरवलं नाही. कोणता देश कोणती वेळ आणि कोणती तारीख पाळणार हे त्या त्या देशाचं सरकार ठरवतं. मग नकाशा काढणारे एका बाजूचे देश आणि दुसऱ्या बाजूचे देश यांच्या मधून रेघ ओढतात. म्हणून ‘रेषा वाकते’ असं म्हणण्यापेक्षा देश आपली बाजू निवडतात आणि रेघ त्यांच्यामागून फिरते, असं म्हणणं जास्त खरं.

पण रेषा माणसांनी ओढली असली तरी तिची गरज माणसांनी निर्माण केलेली नाही. हे ज्यांना पहिल्यांदा अंगावर झेलावं लागलं ते खलाशी होते. मॅगेलनच्या मोहिमेतलं ‘व्हिक्टोरिया’ हे जहाज पृथ्वीला पश्चिमेकडून फेरी घालून परतत असताना जुलै १५२२ मध्ये केप व्हर्डे बेटांवर थांबलं. जहाजावर रोजनिशी ठेवणाऱ्या पिगाफेट्टाच्या हिशेबानं तो बुधवार होता, आणि किनाऱ्यावरचे लोक सांगत होते की आज गुरुवार. त्यानं आपल्या नोंदी तपासल्या. एकही दिवस लिहायचा राहिला नव्हता. चूक कुठंच नव्हती, आणि तरी एक दिवस कमी होता.

झालं होतं ते इतकंच. पश्चिमेकडे जाणारा माणूस सूर्याच्या मागं मागं जातो, म्हणून त्याचा प्रत्येक दिवस, एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंतचा, चोवीस तासांहून किंचित लांब असतो. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, तेव्हा पंधरा अंश पश्चिमेला सरकलं की एक तास साठला. तीनशे साठ अंशांची पूर्ण फेरी झाली की चोवीस तास साठले. खलाशांनी ते तास तीन वर्षांत मिनिटामिनिटानं, लांबलेल्या दिवसांच्या रूपानं वापरून टाकले होते. घरी बसलेल्या माणसांपेक्षा त्यांनी एक सूर्योदय कमी पाहिला होता. पूर्वेकडे जाणाऱ्याचं उलट होतं. त्याचा प्रत्येक दिवस आखूड असतो, घड्याळ सारखं पुढं करावं लागतं, आणि फेरी पूर्ण होईपर्यंत तो एक सूर्योदय जास्त पाहून बसतो.

शाळेत वजाबाकी करताना आपण हातचा घेतो आणि तो पुढच्या घरात फेडावा लागतो. तारीखरेषा ही तो हातचा फेडायची जागा आहे. पूर्वेकडे जाताना आपण घड्याळ एकेक तास पुढं करत आलेलो असतो. ते तास आपल्याला मिळालेले नसतात, आपण ते नुसते आगाऊ मोजलेले असतात. रेषेवर तारीख एकनं मागं नेली की ही आगाऊ मोजणी वळती होते. पश्चिमेकडे जाताना घड्याळ मागं करत आलेलो असतो, म्हणून रेषेवर तारीख एकनं पुढं न्यायची. पूर्वेला जाताना ओलांडली तर तारीख वजा, पश्चिमेला जाताना ओलांडली तर तारीख अधिक. एवढं पक्कं असलं की बाकीचं सगळं त्यातून निघतं.

आता एक प्रवास पूर्ण करून पाहू. टोकियोहून होनोलुलूला बुधवारी पहाटे, म्हणजे खरं तर मंगळवारच्या मध्यरात्रीनंतर, शून्य वाजून पाच मिनिटांनी विमान सुटतं असं धरू. हवेत सात तास. टोकियोची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या, म्हणजे ग्रिनिचच्या शून्य रेखावृत्तावरून धरलेल्या वेळेच्या, नऊ तास पुढं आहे, होनोलुलूची दहा तास मागं. दोहोंत एकोणीस तासांचा फरक. जपान आणि हवाई, दोन्हीकडे उन्हाळ्यासाठी घड्याळ बदलत नाहीत, म्हणून हा फरक वर्षभर तसाच राहतो.

बहुतेक लोक इथं एकोणीस तास वजा करायला बसतात आणि हमखास अडखळतात. त्यापेक्षा घड्याळ आणि तारीख वेगळी हाताळावीत. टोकियोहून होनोलुलूकडे आपण पूर्वेला चाललो आहोत, म्हणून घड्याळ पाच तास पुढं करायचं आणि तारीख एकनं मागं न्यायची. पाच तास पुढं आणि चोवीस तास मागं, म्हणजे एकंदर एकोणीस तास मागं. गोष्ट तीच, पण आता ती डोक्यात मावते. विमान उतरलं तेव्हा टोकियोत बुधवार सकाळचे सात वाजून पाच मिनिटं. पाच तास पुढं केले, दुपारचे बारा वाजून पाच मिनिटं. तारीख एकनं मागं, मंगळवार. होनोलुलूत आपण मंगळवारी भर दुपारी उतरलो.

इथं एक चूक फार वेळा होते. एकोणीस तास वजा केल्यावर वाटेत तारीखरेषा लागली म्हणून आणखी एक दिवस वजा केला जातो, आणि माणूस सोमवारवर जाऊन पोचतो. एकोणीस तासांच्या फरकात तो दिवस आधीच आलेला असतो. हातचा एकदाच फेडायचा. ताळा करायचा असेल तर सगळं जागतिक वेळेत मांडावं. टोकियोतला बुधवार शून्य वाजून पाच म्हणजे जागतिक वेळेत मंगळवार दुपारचे तीन वाजून पाच. त्यात सात तास मिळवले, मंगळवार रात्रीचे दहा वाजून पाच. होनोलुलूसाठी त्यातून दहा तास काढले, मंगळवार दुपारचे बारा वाजून पाच. या पूर्ण आकडेमोडीत तारीखरेषेचं नावही आलं नाही. वैमानिक आणि हवाई नियंत्रक आपलं काम जागतिक वेळेतच करतात, आणि त्या वेळेत हे विमान मंगळवारी निघून मंगळवारीच पोचतं. काळ एक क्षणही मागं गेलेला नसतो. विमानातल्या प्रत्येकाचं वय सात तासांनी वाढलेलंच असतं.

हेच विमान बुधवारी दुपारी दोनला सुटलं असतं तर? रात्री नऊ, त्यात पाच तास, म्हणजे गुरुवारचे पहाटेचे दोन, तारीख एकनं मागं, बुधवार पहाटेचे दोन. तारीख तीच राहिली, पण पोचण्याची वेळ निघण्याच्या वेळेच्या बारा तास आधीची. ‘निघण्याआधी पोचणं’ आणि ‘आदल्या तारखेला पोचणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बोलताना त्या नेहमी एकत्र मिसळल्या जातात. वेळेतला फरक प्रवासाच्या तासांपेक्षा मोठा असला की पूर्वेकडे जाताना पहिली गोष्ट नेहमीच घडते. दुसरी घडायला निघण्याची वेळही जुळावी लागते. फरकातून प्रवासाचे तास वजा करा. इथं एकोणिसातून सात गेले, बारा उरले. मध्यरात्रीपासून बारा वाजेपर्यंत टोकियो सोडलं तर होनोलुलूत आदली तारीख, बारानंतर सोडलं तर तीच तारीख. आपिया आणि पागो पागोसाठी चोवीस तासांतून चाळीस मिनिटं गेली, तेवीस तास वीस मिनिटं उरली. म्हणून तिथं रात्री अकरा वाजून वीस मिनिटांपर्यंत केव्हाही निघालं तरी आदला दिवसच गाठता येतो.

मध्यरात्रीचा काटा या हिशेबात किती नाजूक असतो ते २०१७ च्या अखेरीस एका विमानानं दाखवलं. ऑकलंडहून होनोलुलूला जाणारं हे विमान ३१ डिसेंबरला रात्री अकरा पंचावन्नला सुटायचं होतं. ते दहा मिनिटं उशिरा, १ जानेवारी २०१८ ला शून्य वाजून पाच मिनिटांनी निघालं. न्यूझीलंडमध्ये तेव्हा उन्हाळी वेळ चालू होती, त्यामुळे होनोलुलूशी फरक तेवीस तासांचा, म्हणजे घड्याळ एक तास पुढं आणि तारीख एकनं मागं. सव्वानऊ तासांच्या आसपास प्रवास झाला आणि विमान होनोलुलूत ३१ डिसेंबर २०१७ ला सकाळी दहा वाजून सोळा मिनिटांनी उतरलं. वेळेवर सुटलं असतं तर ३१ डिसेंबरला निघून ३१ डिसेंबरलाच पोचलं असतं, आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. दहा मिनिटांच्या उशिरानं ते नव्या वर्षात निघून जुन्या वर्षात पोचलेलं विमान ठरलं.

न्यूझीलंडसारख्या देशांच्या बाबतीत हा फरक वर्षातून दोनदा सरकतो हेही ध्यानात ठेवावं लागतं. तिथं सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढं जातं आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी परत मागं येतं. तिथल्या हिवाळ्यात होनोलुलूशी फरक बावीस तासांचा होतो. मागच्या प्रवासाचा हिशेब पाठ करून पुढच्याला लावणारे इथं तासाभरानं चुकतात.

आकडे बरोबर आले तरी घोटाळे होतात, आणि त्यातला सगळ्यात महागडा घोटाळा तारीखरेषेच्या कितीतरी आधी, निघण्याच्या गावातच होतो. तिकिटावर बुधवार, शून्य वाजून पाच मिनिटं असं छापलेलं असतं. माणूस बुधवार वाचतो, बुधवारचा दिवस शांतपणे घालवतो आणि रात्री विमानतळावर जातो. विमान चोवीस तासांपूर्वी गेलेलं असतं. अशा विमानासाठी मंगळवारी रात्रीच विमानतळावर हजर व्हायला हवं. टोकियोत मंगळवारी रात्री रांगेत उभा असलेला माणूस होनोलुलूत मंगळवारी दुपारी उन्हात उतरतो, म्हणजे मंगळवारची दुपार आणि संध्याकाळ त्याला दुसऱ्यांदा भेटते.

त्या दुसऱ्या मंगळवारला रात्रही असते, आणि झोपायला खोली लागते. बुधवारी निघायचं म्हणून बुधवारपासून खोली घेतलेल्यांना मंगळवारी दुपारी दारातून परत फिरावं लागतं. उलट प्रवासात पैसे वाया जातात ते दुसऱ्या रीतीनं. होनोलुलूहून शुक्रवारी दुपारी एकला निघालो, पश्चिमेकडे जाताना वारा समोरून असल्यामुळे साडेआठ तास लागले, तर होनोलुलूच्या घड्याळात रात्रीचे साडेनऊ. आता घड्याळ पाच तास मागं आणि तारीख एकनं पुढं, म्हणजे टोकियोत शनिवार दुपारचे साडेचार. शुक्रवारची रात्र कुठल्याच गावात काढलेली नसते. त्या रात्रीसाठी टोकियोत खोली घेतली असेल तर ती रिकामी राहते, आणि शुक्रवारी न आल्यामुळे कधीकधी पुढची नोंदणीही रद्द होते. म्हणून खोली, गाडी, पुढचं विमान यांची नोंदणी करताना निघण्याची तारीख बाजूला ठेवावी आणि तिकिटावर उतरण्याच्या वेळेपुढं छापलेलं बघावं. तिथं +1 असेल तर दुसरा दिवस, -1 असेल तर आदला दिवस. तो -1 इतका क्वचित दिसतो की पुष्कळांना छपाईची चूक वाटते.

फोनमधल्या दिनदर्शिकेत हा प्रवास लिहितानाही असाच अडथळा येतो. सुरुवात बुधवार शून्य पाच आणि शेवट मंगळवार बारा पाच असं टाकलं की नोंद होत नाही, कारण शेवट सुरुवातीच्या आधी येतो. हे यंत्राचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर आहे, त्याला दोन्ही वेळा एकाच गावाच्या वाटतात. सुरुवातीला Asia/Tokyo आणि शेवटाला Pacific/Honolulu असा वेगवेगळा वेळेचा पट्टा निवडला की ती नोंद मुकाट्यानं सात तासांची होते. ते सात तास दिसले की हिशेब बरोबर आला असं समजावं. तिथं एकतीस तास दिसले तर कुठंतरी दिवस चुकून मिळवला गेला आहे.

आणि औषधं. रोज एक गोळी घेणाऱ्याला वाटतं की मंगळवारची गोळी मंगळवारी सकाळी टोकियोत घेतली होती, आता इथं पुन्हा मंगळवार आहे, तर आज काही घ्यायचं नाही. शरीराला वार कळत नाही. आधीची गोळी घेऊन प्रत्यक्ष किती तास झाले तेवढंच मोजायचं, त्यासाठी एक घड्याळ निघालेल्या गावाच्या वेळेवर तसंच ठेवावं. इन्सुलिनसारख्या औषधांचं वेळापत्रक तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून तासांच्या हिशेबात लिहून घ्यावं.

एक प्रश्न उरतो. आदल्या तारखेला उतरता येतं, तर त्याच्याही आदल्या तारखेला का नाही? सामोआच्या ईशान्येला, विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेला किरितिमाती हे बेट आहे. ते किरिबाती या देशात येतं. या देशाची बेटं रेषेच्या दोन्ही बाजूंना विखुरली होती, आणि एकाच सरकारच्या दोन टोकांना दोन तारखा होत्या. १९९५ उजाडताना पूर्वेकडच्या बेटांनी एक दिवस गाळला आणि सगळा देश एका तारखेवर आला. तेव्हापासून किरितिमातीची वेळ जागतिक वेळेच्या चौदा तास पुढं आहे, जगात कुठंही नाही इतकी. पागो पागोची अकरा तास मागं. दोहोंत पंचवीस तासांचं अंतर. म्हणून रोज जागतिक वेळेनुसार सकाळी दहा ते अकरा या एका तासात पृथ्वीवरच्या माणसांच्या भिंतींवर तीन तारखा असतात. हिवाळ्यात लंडनमध्ये मंगळवार सकाळचे साडेदहा असले की किरितिमातीत बुधवार लागून अर्धा तास झालेला असतो आणि पागो पागोत सोमवार संपायला अर्धा तास बाकी असतो.

दोन तारखा मागं उतरायचं तर या पंचवीस तासांपैकी चोवीस तारखेला द्यावे लागतात. उरतो एक तास. मध्यरात्रीच्या ठोक्याला किरितिमाती सोडून एका तासाच्या आत पागो पागोच्या धावपट्टीवर चाकं टेकवावी लागतील. मधे दोन हजारांहून जास्त किलोमीटर समुद्र आहे, आणि प्रवासी विमानाला त्यासाठी तीनेक तास लागतील. बुधवारी शून्य वाजता निघालेलं विमान पागो पागोत मंगळवारी पहाटे दोनला उतरेल.